पिन तीनची वायर (लघुकथा आणि चर्चा)

घटप्रभाकाठ

ऑसिलेटरचा प्रयोग फसला की बहुतेक मुले आयसी बदलत बसतात आणि प्रयोगशाळेची वेळ संपून जाते. त्याच फसलेल्या सर्किटकडे नीट पाहिले तर फीडबॅक कसा उलगडतो, हे दाखवणारी एक लघुकथा येथे देत आहे. पात्रे काल्पनिक आहेत. आकडे मात्र कोणालाही ब्रेडबोर्डवर पडताळता येतील असेच ठेवले आहेत, त्यामुळे जाणकारांनी त्यांवर अवश्य बोलावे.

विनायक खानापूर तालुक्यातून रोज एसटीने बेळगावात येणारा, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला मुलगा. इलेक्ट्रॉनिक्सच्या चौथ्या सेमिस्टरला त्याच्या वाट्याला वीन ब्रिज ऑसिलेटर आला होता. सर्किट जोडून झाले होते, पण डीएसओच्या पडद्यावर पिवळी रेघ काही केल्या सरळच राहत होती. शेजारच्या टेबलांवर लहरी आल्या होत्या. मुले त्यांचे कागद रेकॉर्ड बुकात चिकटवायलाही लागली होती.

सर्किटमध्ये गुंतागुंत अशी नव्हतीच. एक ७४१, त्याला अधिक-उणे १२ व्होल्ट. पिन दोनकडून जमिनीला १० किलोओहम आणि आउटपुटकडून पिन दोनला २० किलोओहम, म्हणजे गेन बरोबर ३. दुसऱ्या बाजूला आउटपुटपासून पिन तीनपर्यंत १० किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड एकापुढे एक, आणि पिन तीनपासून जमिनीपर्यंत तशीच दुसरी जोडी समांतर. विनायकने डब्यातून रेझिस्टर घेताना प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजून निवडला होता. पिन सातवर १२ आणि पिन चारवर उणे १२ व्होल्ट येत होते. आयसीही बदलून झाला होता. वीन जाळे एक तृतीयांश परत देते आणि अँप्लिफायर तीनपट करतो, तेव्हा लूप गेन एक झाला आणि लहर आलीच पाहिजे, असे त्याचे गणित होते. त्या गणितात त्याला काही चूक दिसत नव्हती.

देसूरकर मॅडम टेबलापाशी आल्या. वर्गात त्या इंग्रजीत शिकवत, पण टेबलाशी आल्यावर ज्याच्या त्याच्या भाषेत बोलत.

"काय झालं रे?"

"मॅडम, सगळं बरोबर आहे, पण वेव्ह काय येईना. आयसीपण बदललो."

"वेव्ह येईना, की येऊन जायलीय? ते बघितलास काय?"

विनायकला प्रश्न नीट कळला नाही. मॅडमनी डीएसओ सिंगल शॉटवर लावायला सांगितला आणि पॉवर सप्लाय बंद करून पुन्हा चालू करायला लावला. पडद्यावर एक चित्र थांबले. सुरुवातीला एक धक्का होता आणि त्यामागे वळसे होते, चांगले गोलसर आणि सारख्या अंतराचे. पहिला उंचवटा चार चौकोनांचा होता, दुसरा अडीचच्या थोडा आत, तिसरा दीडच्या आसपास, चौथा एका चौकोनाहून लहान, आणि पुढे पुन्हा तीच सरळ रेघ. विनायकने कर्सर लावून दोन उंचवट्यांमधले अंतर मोजले. ते ०.६३ मिलिसेकंद भरले, म्हणजे साधारण १६०० हर्ट्झ, वहीत काढलेल्या उत्तराच्या अगदी जवळ.

"म्हणजे सर्किट चालतंय," तो म्हणाला.

"चालतंय, पण टिकेना. आता पिन तीनची वायर काढ."

त्याचा हात थांबला. जाळ्यातून पिन तीनला येणारी ती वायर म्हणजेच फीडबॅक, असे त्याच्या डोक्यात पक्के होते. मुळात न चालणाऱ्या सर्किटमधून फीडबॅकच काढून टाकल्यावर हाती काय उरणार? तरीही त्याने वायर उपसली. मॅडमनी फंक्शन जनरेटरची क्लिप पिन तीनला लावायला सांगितली आणि एक व्होल्ट पीक-टू-पीकची साइन लहर द्यायला लावली. पहिला प्रोब पिन तीनवर, दुसरा त्या सुट्या झालेल्या वायरच्या टोकावर.

"आता ही वायर काय घेऊन आली असती, ते बघ. आणि फ्रीक्वेन्सी हळूहळू फिरव."

एवढे सांगून त्या पलीकडच्या टेबलाकडे गेल्या. विनायकने ५०० हर्ट्झपासून सुरुवात केली. निळी लहर पिवळीपेक्षा बरीच बुटकी होती आणि डावीकडे सरकलेली, म्हणजे तिच्या पुढे धावणारी होती. फ्रीक्वेन्सी वाढत गेली तशी निळी लहर उंच होत पिवळीखाली सरकू लागली आणि १६०० च्या सुमारास दोन्ही अगदी एकावर एक बसल्या. त्यापुढे ती उजवीकडे घसरून पुन्हा बुटकी झाली. तो परत १६०० वर आला आणि दोन्ही चॅनल एका चौकोनाला ०.२ व्होल्ट या मापावर ठेवून पाहू लागला. पिवळी लहर वरपासून खालपर्यंत बरोबर पाच चौकोन होती. निळी तिच्यावर बसली होती खरी, पण टोकांपाशी थोडी उणी होती, वर आणि खाली मिळून पाव चौकोनाने. कर्सरने ०.९४५ व्होल्ट सांगितले.

त्याने जनरेटरचा आवाका दोन व्होल्ट केला, तर निळी १.८९ झाली. पुन्हा कमी केला, तरी प्रमाण तेच राहिले. किती दिले याने काहीच फरक पडत नव्हता. जे दिले त्याहून थोडे कमीच परत येत होते.

तो त्या दोन रेघांकडे बराच वेळ बघत राहिला. जनरेटरची क्लिप काढून निळ्या वायरचे टोक पुन्हा पिन तीनला लावले, तर जनरेटरचे काम त्या टोकालाच करावे लागणार होते. पिन तीनला एक व्होल्ट हवा आहे, आणि तो एक व्होल्ट सगळ्या सर्किटमधून फिरून आला की ०.९४५ उरतो. जनरेटर ती तूट मुकाट्याने भरून काढत होता. वायर जोडल्यावर ती भरायला कोणीच नव्हते. आजवर तो फीडबॅक म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे जाणारी वायर एवढेच समजत होता, आणि वायर जोडलेली आहे ना, याचीच खात्री पुन्हा पुन्हा करत होता. वायर तर पहिल्यापासून जोडलेलीच होती. संपूर्ण फेरी मारून परतलेली लहर निघालेल्या लहरीच्या जागी, तिच्याच मापाने उभी राहू शकते का, हे मात्र त्याने एकदाही पाहिले नव्हते, आणि वायर न तोडता ते दिसणारही नव्हते.

राहिला प्रश्न पाव चौकोनाचा. अँप्लिफायरचा गेन त्याने मोजला, तो तीनच होता. म्हणजे जाळे एक तृतीयांशाहून कमी देत होते. रेझिस्टर मोजलेले होते, तेव्हा उरले कपॅसिटर. चकतीसारख्या सिरॅमिक कपॅसिटरवर १०३ हा आकडा आणि पुढे एम हे अक्षर होते. एलसीआर मीटरवर एकापुढे एक जोडलेल्या जोडीतला ०.००९२ मायक्रोफॅरड निघाला आणि समांतर जोडीतला ०.०१०८. एम म्हणजे २० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, त्यामुळे दोघांपैकी कोणालाही खराब म्हणता येत नव्हते. त्याने वहीच्या मागच्या पानावर जाळ्याचे समीकरण पुन्हा मांडले, या वेळी दोन्ही कपॅसिटर सारखे न धरता:

```
A = 1 + R1/R2 + C2/C1
  = 1 + 1 + 0.0108/0.0092 = 3.17
```

हवा होता ३.१७ आणि त्याने दिला होता ३. भागाकार ०.९४५. गंमत अशी की एक कपॅसिटर कमी आणि दुसरा जास्त असल्यामुळे दोघांचा गुणाकार जवळपास तेवढाच राहिला होता, म्हणून फ्रीक्वेन्सीत काहीच वावगे दिसले नव्हते.

त्याने २० किलोओहमच्या पुढे एक ट्रिमपॉट लावला आणि वायर तुटलेलीच ठेवून स्क्रू फिरवत निळी लहर वाढवली. ती पिवळीएवढी झाली, मग केसभर उंच. जनरेटर काढून वायर जोडली. पडद्यावर आधी काही नव्हते, मग रेघ जाडसर झाली, मग लहर फुगत फुगत ११ व्होल्टपर्यंत गेली आणि तिची टोके किंचित चपटी होऊन थांबली.

मॅडम परत आल्या तेव्हा तो स्क्रू मागे-पुढे करत होता.

"मॅडम, थोडं मागं घेतलो की विझते, थोडं पुढं केलो की पार वर जाऊन चपटी होते. मधी दोन व्होल्टवर थांबेना."

"स्क्रूने थांबायचीच नाही ती. का, ते लिहून आण उद्या."

निपाणीचा_सतीश

कथा आवडली. पाव चौकोनाचा तो प्रसंग वाचताना मी स्वतः पडद्यासमोर उभा असल्यासारखे वाटले. माझा मुलगा सध्या डिप्लोमाला आहे, त्याला वाचायला दिली.

त्याला समजावताना मी असे सांगितले की प्रत्येक आवर्तनात लहर ०.९४५ पट होते, म्हणून बारा आवर्तनांत ती निम्मी होईल आणि पन्नासेक आवर्तनांत नाहीशी. गेन ३.१७ च्या वर गेला की हेच उलट दिशेने घडते. सावकारी व्याजासारखा हा हिशेब आहे. शिवाय ऑसिलेटरचे काम करतो तो पॉझिटिव्ह फीडबॅक. पिन दोनकडचा निगेटिव्ह फीडबॅक केवळ गेन ठरवण्यापुरता आहे, त्याचा लहरीशी थेट संबंध नाही, असे मला वाटते.

माधवी_शहापूर

मी सध्या पाचव्या सेमिस्टरला आहे आणि हाच प्रयोग मागच्या वर्षी केला आहे. सतीशकाकांच्या हिशेबावर एक शंका आहे. कथेत सिंगल शॉटच्या चित्रात उंचवटे चार, अडीचच्या आत, दीड, एकाहून कमी असे दिले आहेत. म्हणजे प्रत्येक आवर्तनात लहर साधारण ०.६ पट होते आहे, आणि चार-पाच वळशांत संपते आहे. दर आवर्तनाला ०.९४५ असते तर चौथा उंचवटा अजून साडेतीन चौकोनांच्या आसपास दिसला असता. कथेतला एखादा आकडा चुकला आहे, की फेरी आणि आवर्तन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत?

जुने_सर्किट

माधवी, प्रश्न नेमका आहे, आणि कथेतले दोन्ही आकडे बरोबर आहेत. मी उद्यमबागेत बरीच वर्षे उपकरणे दुरुस्त करत आलो आहे आणि हा गोंधळ शिकलेल्या लोकांमध्येही पाहिला आहे.

लहर एक फेरी मारायला एक आवर्तन घेते, असे आपण नकळत धरून चालतो. तसे सांगणारे सर्किटमध्ये काहीच नाही. ७४१ ला या फ्रीक्वेन्सीवर लागणारा वेळ नगण्य आहे, म्हणून फेरीचा वेळ ठरतो तो वीन जाळ्यात. मधल्या फ्रीक्वेन्सीजवळ त्या जाळ्यातून लहरीच्या आवाक्यातला बदल पलीकडे पोचायला आवर्तनाचा जेमतेम दहावा हिस्सा लागतो. विनायकच्या कपॅसिटरांनी हिशेब केला तर एका आवर्तनात साधारण नऊ फेऱ्या होतात. ०.९४५ ला स्वतःशी नऊ वेळा गुणा, उत्तर ०.६० येते. पडद्यावरच्या उंचवट्यांचे प्रमाण तेच आहे.

हा अंदाज झाला. काटेकोर उत्तर समीकरणातून ०.६०३ येते, म्हणजे अंदाजही पुरेसा जवळचा आहे. सतीशरावांचे चक्रवाढीचे चित्र चुकीचे नाही, फक्त व्याज आवर्तनागणिक न धरता फेरीगणिक धरायला हवे. यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. वीन जाळे फारसे काही लक्षात ठेवत नाही, म्हणून तूट थोडी असली तरी लहर पटकन विझते आणि वाढही थोडी असली तरी लहर पटकन फुगते. त्याच जागी क्वार्ट्झ क्रिस्टल असता तर एका फेरीला हजारो आवर्तने लागली असती, आणि म्हणूनच क्रिस्टल ऑसिलेटर सुरू व्हायला डोळ्यांना दिसेल इतका वेळ घेऊ शकतो.

निगेटिव्ह फीडबॅकबद्दल मात्र मी सतीशरावांशी सहमत नाही. विनायकने जो स्क्रू फिरवला तो निगेटिव्ह बाजूचाच होता. एकाच आउटपुटमधून दोन वाटा परत येतात. एक सगळ्या फ्रीक्वेन्सींना सारखी दाबते, दुसरी एकाच फ्रीक्वेन्सीला सर्वांत जास्त उचलते, आणि ७४१ या दोघांतला फरक मोजत बसतो. १६०० हर्ट्झला दुसरी वाट पहिलीच्या केसभर पुढे जाते, बाकी सगळीकडे मागे पडते. पहिली वाट काढून टाकली तर ७४१ चा गेन इतका अफाट होईल की आउटपुट एका टोकापासून दुसऱ्या टोकाला आपटत राहील आणि साइन लहर कधीच मिळणार नाही.

मंडप_साउंड

नमस्कार. मी खानापूर भागात लग्न आणि गणपतीच्या मंडपांना साउंड पुरवतो. फीडबॅक हा शब्द पाहून धागा उघडला. आमच्याकडे माइक स्पीकरसमोर आला की शिट्टी मारतो. मिक्सर दोनदा तपासून घेतला, त्यात दोष नाही असे सांगतात. मग यावर उपाय काय? कथेप्रमाणे कपॅसिटर मोजून घ्यावेत काय?

जुने_सर्किट

साहेब, तुमच्या मिक्सरमध्ये खरोखरच दोष नसेल. तुमची पिन तीन म्हणजे माइक, आणि परतीची वायर म्हणजे स्पीकर ते माइक यांमधली हवा. त्या फेरीत ज्या सुराला आवाज जेवढा निघाला त्याहून जास्त होऊन परततो, तो सूर शिट्टी होऊन वाजतो. त्यामुळे कपॅसिटर न मोजता फेरीतच तूट आणायची. माइक बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ ठेवा, म्हणजे मिक्सरवर गेन कमी लागेल. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून लावा. तेवढ्याने भागले नाही तर जो सूर शिट्टी मारतो, ती एकच पट्टी इक्वलायझरवर खाली ओढा.

मंडप_साउंड

पट्टी ओढायचे करतो, पण मंडपात माणसे भरली की शिट्टीचा सूर बदलतो आणि दुसरी पट्टी शोधावी लागते. असो, स्पीकर पुढे घेऊन पाहतो. आभारी आहे.

चिकोडी_ईसी

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी कपॅसिटर ०.०१ ऐवजी ०.००१ मायक्रोफॅरडचे घेतले, म्हणजे लहर १६ किलोहर्ट्झच्या जवळपास यायला हवी. लहर आली, लगेच आली, पण ती साइन नव्हती. चक्क त्रिकोण आला आणि फ्रीक्वेन्सीही हिशेबापेक्षा कमी भरली. गेन कमी केला तर बंद पडते. लूप तोडून पाहिले तर दोन्ही लहरी अगदी बरोबर बसतात. मग जोडल्यावरच त्रिकोण का?

माधवी_शहापूर

तुम्ही लूप तोडून किती व्होल्ट दिले होते? विनायकप्रमाणे एक व्होल्ट दिला असेल तर आउटपुट तीन व्होल्ट पीक-टू-पीकच असेल. जोडल्यावर मात्र लहर फुगत जाते. ७४१ एका मायक्रोसेकंदात अर्धा व्होल्टच सरकू शकतो. १६ किलोहर्ट्झला ११ व्होल्टच्या उंचीची साइन काढायची तर त्याला साधारण १.१ व्होल्टच्या वेगाने धावावे लागेल, म्हणजे दुपटीहून जास्त. तो धावू शकत नाही, म्हणून जास्तीत जास्त वेगाने सरळ वर आणि सरळ खाली जातो. १६०० हर्ट्झला हाच वेग दहापट कमी लागतो, म्हणून कथेत ही अडचण आली नाही.

चिकोडी_ईसी

हो, एकच व्होल्ट दिला होता. म्हणजे तोडलेल्या लूपवरची मोजणी लहान लहरीपुरतीच खरी, असे म्हणायचे का?

जुने_सर्किट

अगदी बरोबर. आणि देसूरकर मॅडमनी कथेच्या शेवटी जो प्रश्न घरी दिला, त्याचे उत्तरही यातच आहे. लहान लहरीला लूप गेन एकाहून जास्त असेल तर ती फुगणार, आणि फुगताना तिला अडवणारे काहीतरी भेटेपर्यंत फुगत राहणार. विनायकच्या सर्किटमध्ये सप्लायची मर्यादा अडवते, तुमच्याकडे ७४१ चा वेग अडवतो. या अडथळ्यामुळे मोठ्या लहरीला मिळणारा गेन कमी होतो आणि लूप गेन बरोबर एकावर येऊन ठेपतो. स्क्रू फिरवून आपण सर्व उंचीच्या लहरींचा गेन एकसाथ बदलतो, म्हणून दोन व्होल्टवर थांबणारी जागा स्क्रूला सापडत नाही. त्यासाठी उंचीप्रमाणे स्वतःहून बदलणारा भाग हवा.

विल्यम ह्युलेट यांनी १९३९ साली स्टॅनफर्डमधल्या आपल्या प्रबंधात नेमके हेच केले. त्यांनी निगेटिव्ह फीडबॅकच्या वाटेत, विनायकचा जमिनीकडचा १० किलोओहम जिथे आहे त्या जागी, एक छोटा दिवा लावला. लहर मोठी झाली की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि गेन खाली येतो. तार तापायला आणि निवायला एका आवर्तनापेक्षा पुष्कळ वेळ लागतो, त्यामुळे लहरीचा आकार न बिघडता केवळ तिची उंची सांभाळली जाते. ह्युलेट-पॅकार्डचे पहिले उपकरण, २००ए ऑसिलेटर, यातूनच आले. ७४१ वर दिवा लावायचा तर तार तापवण्याइतका करंट तो सहज देत नाही, म्हणून प्रयोगशाळेत २० किलोओहमच्या काही भागावर उलट-सुलट दोन १एन४१४८ डायोड लावतात. त्याने लहर थोडी बिघडते, पण चपटी होत नाही.

निपाणीचा_सतीश

फेरी आणि आवर्तन यांचा खुलासा पटला. मुलाला नऊ फेऱ्यांचा हिशेब पुन्हा करून दाखवला. एक गोष्ट मात्र अजून खटकते. लहर सुरू कशी होते? कथेत सप्लाय चालू करतानाचा धक्का दाखवला आहे, पण नंतर विनायक चालू सर्किटमध्येच वायर जोडतो आणि तरी लहर येते. मी नॉइजमुळे सुरू होते असे वाचले आहे. मग धक्का खरा की नॉइज?

घटप्रभाकाठ

लूप गेन एकाहून जास्त असेल तर दोन्हींपैकी काहीही पुरते, आणि व्यवहारात वायर जोडण्याचा धक्काच नॉइजपेक्षा कितीतरी मोठा असतो. लूप गेन कमी असेल तर धक्का कितीही मोठा असला तरी विझतो, एवढे दाखवण्यासाठीच ते चित्र कथेत घेतले. केवळ नॉइजवर लहर उठताना पाहायची असेल तर सर्किट चालू ठेवून स्क्रू अगदी हळू पुढे न्यावा लागेल. तरीही टेबलाचा धक्का आणि मुख्य वीजवाहिनीची ५० हर्ट्झची गुणगुण यांतून नॉइज वेगळा काढून दाखवणे ब्रेडबोर्डवर मला तरी जमेल असे वाटत नाही.

माधवी_शहापूर

जुने_सर्किट काकांच्या नऊ फेऱ्या मी शनिवारी लॅबमध्ये तपासणार आहे. मुद्दाम वेगवेगळे कपॅसिटर निवडून लूप गेन ०.९८ आणि ०.९ असे दोन ठेवते आणि विझणाऱ्या लहरीचे उंचवटे मोजते. लूप तोडायचा तो पिन तीनपाशीच तोडला पाहिजे का? आउटपुटपाशी तोडला तर?

जुने_सर्किट

पिन तीन सर्वांत सोयीची आहे, कारण ७४१ चे तिथले इनपुट जाळ्याकडून जवळजवळ काहीच ओढत नाही. त्यामुळे तिथे तोडल्याने जाळ्याला काही वेगळे वाटत नाही. आउटपुटपाशी तोडून जाळ्याला जनरेटर जोडला तर जनरेटरचे ५० किंवा ६०० ओहम जाळ्यात मिसळतात. १० किलोओहमपुढे ५० ओहम चालून जातील, ६०० मात्र आकड्यात दिसतील. ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये ही सोयीची जागा नसते, तिथे तोडलेल्या टोकाला पुढच्या भागाएवढा रेझिस्टर लावूनच मोजावे लागते.

चिकोडी_ईसी

एक शेवटचा अनुभव सांगतो, कोणाला कारण माहीत असेल तर कळवावे. आमच्या लॅबमध्ये डिसेंबरात सकाळच्या पहिल्या बॅचला माझा वीन ब्रिज सुरू होत नव्हता. दुपारच्या बॅचच्या मुलाने तोच ब्रेडबोर्ड कशालाही हात न लावता चालू केला तर लहर आली. मी ट्रिमपॉट अगदी काठावर ठेवला होता.

जुने_सर्किट

काठावर ठेवला असेल तर कारणे दोन संभवतात. १०३ च्या स्वस्त सिरॅमिक चकत्या तापमानाने बऱ्याच बदलतात, आणि दोघी सारख्याच बदलतील याची हमी नसते. त्यांच्या गुणोत्तरात दोन-तीन टक्क्यांचा फरक पडला तरी काठावरचे सर्किट विझेल. दुसरे कारण ट्रिमपॉटचा किंवा ब्रेडबोर्डचा सैल संपर्क. इथे बसून त्यातले कोणते, हे मी सांगू शकत नाही. लहर चालू असताना आधी एक चकती बोटांच्या चिमटीत धरून अर्धा मिनिट ऊब द्या, मग दुसरी. एकीने लहर वाढली आणि दुसरीने विझली तर कपॅसिटर. दोन्हींना काहीच झाले नाही तर पॉट बदला.

चिकोडी_ईसी

सोमवारी सकाळची बॅच आहे, तेव्हा करून पाहतो आणि इथेच लिहितो. पॉलिस्टर कपॅसिटर मिळाले तर तेही लावून पाहीन.